निरोप समारंभातील अर्कचित्र: एका फसलेल्या चेहऱ्याची तपासणी

आमच्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या दिवशी द्यायच्या मानपत्राच्या कोपऱ्यात त्यांचे अर्कचित्र असावे, असे कर्मचाऱ्यांच्या बैठकीत ठरले. चित्रकला शिकवणारे सहकारी त्या आठवड्यात परीक्षेच्या कामात अडकलेले असल्याने हे काम माझ्याकडे, म्हणजे संगणक विभागाकडे आले. छायाचित्रावरून अर्कचित्र काढून देणारा एक छोटा प्रोग्रॅम मी दोन संध्याकाळी बसून लिहिला, सरांनी मोबाइल हातात धरून स्वतःच काढून पाठवलेले छायाचित्र त्याला दिले आणि जे रेखाचित्र बाहेर आले ते छापून स्टाफरूमच्या टेबलावर ठेवले. दुपारपर्यंत अकरा जणांनी ते पाहिले. दोघांना ते आमचे एक माजी प्राचार्य वाटले, एकाला जुन्या मराठी चित्रपटातला एखादा पाटील वाटला, बाकीच्यांनी नुसते हसून कागद खाली ठेवला. सरांचे नाव कोणीही घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी चित्रकलेचे ते सहकारी चहाला आले असता त्यांनी तोच कागद उलटा केला आणि त्याच्या पाठीवर बॉलपेनने वीस-बावीस रेघांत सरांना काढले. त्यांचा हात अजून कागदावरून निघाला नव्हता तोच दारात उभे असलेले शिपाईमामा म्हणाले, "अहो, हे तर आपले लायब्ररीवाले साहेब!" दोन्ही चित्रांत अतिशयोक्ती होती, किंबहुना हाताने काढलेल्या चित्रात ती अधिकच होती. तरी एक ओळखू आले आणि दुसरे आले नाही. असे का झाले याचा शोध घेण्यासाठी मी पुढचे काही दिवस त्या प्रोग्रॅमची एकेक पायरी उलगडून पाहिली, त्याची ही नोंद आहे.

प्रोग्रॅम काय करत होता

माझी रीत नवी नव्हती. सुसान ब्रेनन यांनी १९८२ साली एमआयटीमध्ये पदव्युत्तर प्रबंधासाठी अर्कचित्रे काढणारा जो प्रोग्रॅम लिहिला, त्याचीच ती साधी आवृत्ती होती. ब्रेनन यांनी चेहऱ्याच्या रेषांवर १६५ बिंदू ठरवले होते. भुवई, डोळा, नाक, ओठ, हनुवटी, केसांची कड अशा प्रत्येक रेषेला काही बिंदू दिलेले असत आणि ते छायाचित्रावर माणूस स्वतः बसवत असे. अनेक चेहऱ्यांचे हेच बिंदू एकत्र करून त्यांचा सरासरी चेहरा काढायचा, ज्याचे अर्कचित्र हवे त्याचा चेहरा त्या सरासरीवर ठेवायचा, प्रत्येक बिंदू सरासरीपासून किती आणि कोणत्या दिशेला सरकलेला आहे ते मोजायचे आणि तो फरक त्याच दिशेने वाढवायचा, एवढीच मूळ कल्पना आहे. माझ्या प्रोग्रॅममध्ये ती दोन ओळींत बसली होती:

```python
d = P - M              # चेहरा वजा सरासरी
C = M + (1 + k) * d    # k = 0.5 म्हणजे ५० टक्के अतिशयोक्ती
```

`k` शून्य ठेवला तर मूळ चेहरा मिळतो. तो ऋण ठेवला तर चेहरा सरासरीकडे सरकत जातो आणि माणूस हळूहळू 'कोणीही' होऊ लागतो. त्याला प्रति-अर्कचित्र म्हणता येईल. ही रीत केवळ गंमत नाही, हे गिलियन ऱ्होड्स, ब्रेनन आणि सुसान कॅरी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसले. परिचितांच्या रेखाचित्रांपैकी अतिशयोक्त चित्रे लोकांनी हुबेहूब रेखाचित्रांपेक्षा सुमारे निम्म्या वेळात ओळखली आणि प्रति-अर्कचित्रांना सर्वांत जास्त वेळ लागला. तेव्हा सरासरीपासूनचा फरक वाढवला की ओळख पटते, या तत्त्वात काही खोट नव्हती. माझ्या कागदावर चूक झाली होती ती कशाचा फरक, कशापासून आणि कोणत्या मापाने काढायचा या प्रश्नांत.

सेल्फीतले नाक

पहिली चूक प्रोग्रॅम सुरू होण्याच्या आधीचीच होती. सरांनी छायाचित्र हात लांब करून, पण कोपर थोडे वाकवून काढले होते. म्हणजे कॅमेरा त्यांच्या नाकाच्या टोकापासून साधारण ३० सेंमीवर असणार. कान नाकाच्या टोकापेक्षा सुमारे १२ सेंमी मागे असतात असे धरले, तर त्या अंतरावरून नाकाचे टोक कानांच्या पातळीच्या तुलनेत ४२ भागिले ३०, म्हणजे १.४ पट मोठे उमटते. दीड मीटरवरून हेच गुणोत्तर १६२ भागिले १५०, म्हणजे १.०८ इतकेच राहते. सेल्फीत नाक फुगते आणि कान मागे दडतात, हे आपण रोज पाहतो व त्याची आपल्याला सवय झालेली आहे, म्हणून पाहताना आपण ते मनातल्या मनात वजा करतो. प्रोग्रॅमला ही वजाबाकी येत नाही. त्याला ते रुंद नाक सरांचे वैशिष्ट्य वाटले आणि त्याने ते आणखी दीडपट वैशिष्ट्यपूर्ण केले.

या रीतीचा एक सोपा पण विसरला जाणारा परिणाम येथे दिसतो. बिंदू बसवताना झालेली कोणतीही चूक अतिशयोक्तीबरोबर `1 + k` पटीने वाढते. सरांच्या चष्म्याची वरची जाड काळी कड प्रोग्रॅमने डाव्या बाजूला भुवई समजून घेतली होती. मूळ छायाचित्रावर बिंदू काढून पाहिले असते तर ही गफलत बारीक असली तरी लक्षात आली असती. रेखाचित्रात मात्र एक भुवई कपाळाकडे चढली आणि दुसरी जागेवर राहिली, त्यामुळे शांत स्वभावाचे सर एखाद्याला दटावत असल्यासारखे दिसू लागले. पाटील दिसला तो याच भुवईमुळे, असे माझे मत आहे. तेव्हापासून मी अतिशयोक्ती करण्याआधी सारे बिंदू छायाचित्रावर छापून पाहतो. चूक जिथे लहान असते तिथेच ती सापडायला हवी.

सरासरी कोणाची

बिंदू बसवण्यासाठी मी `dlib` या संचातले सर्रास वापरले जाणारे ६८ बिंदूंचे मॉडेल घेतले होते आणि सरासरी चेहरा जालावरून गोळा केलेल्या छायाचित्रांच्या एका तयार संचातून काढला होता. जालावर लोक जी छायाचित्रे ठेवतात त्यांत बहुतेक जण हसत असतात. साहजिकच तो सरासरी चेहराही किंचित हसरा होता: ओठांची टोके वर आणि बाजूला गेलेली, गाल थोडे रुंद. सरांनी ओठ मिटून सेल्फी काढली होती. प्रोग्रॅमच्या हिशेबात 'न हसणे' हा सरांचा सरासरीपासूनचा मोठा फरक ठरला आणि तो वाढवताना त्यांच्या ओठांची टोके खाली ओढली गेली. ज्या माणसाला तीस वर्षांत कोणी रागावलेले पाहिले नाही, तो चित्रात कडवट झाला.

सरासरी चुकीची आहे हे ओळखण्याची एक खात्रीची खूण मला त्याच रात्री सापडली. ओळखपत्रांसाठी काढलेली आमच्या ४० सहकाऱ्यांची छायाचित्रे कार्यालयात होती. त्यांच्या परवानगीने ती सगळीच प्रोग्रॅममधून काढली. चाळीसही चित्रांना एकच कडवट तोंड आले, आणि बहुतेकांचे नाक एकाच तऱ्हेने बदललेले निघाले. अर्कचित्राने माणसामाणसांतले अंतर वाढवायला हवे. येथे सगळे एकाच दिशेला सरकत होते, एका कुटुंबातले वाटत होते. असे दिसले की समजावे, तो फरक व्यक्तीचा नसून तिचा गट आणि सरासरीचा गट यांच्यातला आहे. एका लोकसमूहाच्या सरासरीवर दुसऱ्या समूहातला माणूस मोजला की प्रोग्रॅम त्याच्या समाजाचे नाक-ओठ त्याच्या वैयक्तिक खात्यावर टाकतो. त्यातून त्या माणसाचे अर्कचित्र निघत नाही, त्याच्या जातकुळीची टवाळी निघते, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मनात तसे काहीही नसताना निघते.

उपाय साधा होता. त्याच ४० ओळखपत्रांतून नवा सरासरी चेहरा काढला आणि सरांचेही ओळखपत्रावरचेच छायाचित्र घेतले. सगळी छायाचित्रे एकाच खुर्चीवर, एकाच कॅमेऱ्याने, सारख्या अंतरावरून, ओठ मिटून काढलेली होती. सरकारी छापाची ती रटाळ छायाचित्रे या कामाला फार उपयोगी पडली, कारण त्यांत चेहऱ्याखेरीज दुसरा फरक जवळजवळ उरलेलाच नव्हता. नाक जागेवर आले, ओठ सरळ झाले. तरीही चित्र सरांचे झाले नाही; आता ते एका रुंद जबड्याच्या, बऱ्यापैकी सुखवस्तू माणसाचे होते.

जबडा आणि वरचा ओठ

हाताने काढलेल्या चित्रात जबडा मुळीच रुंद नव्हता. मी ते चित्र पुन्हा नीट पाहिले आणि त्या सहकाऱ्यांना विचारले की तुम्ही सुरुवात कुठून केलीत. ते म्हणाले, "अरे, त्यांच्या नाकाखालचं मैदान बघ ना. एवढं मैदान असून मिशी ठेवली नाही माणसानं. आणि डोळे बघ, चष्म्यात एकमेकांना चिकटून बसल्यासारखे." त्यांनी नाकाचा बुंधा आणि वरचा ओठ यांमधली जागा जवळजवळ दुप्पट उंच काढली होती, दोन डोळे नाकाच्या दांडीजवळ ओढून घेतले होते, आणि जबड्यासाठी एकच निष्काळजी रेघ मारली होती.

मग मी मापे काढली. दोन बाहुल्यांमधले अंतर १०० धरून बाकीचे सगळे त्या प्रमाणात मोजायचे, ही ब्रेनन यांच्याच पद्धतीला धरून असलेली रीत होती. त्यांच्या प्रोग्रॅममध्येही चेहरे एकमेकांवर ठेवताना बाहुल्या जुळवून घेतल्या जात. आमच्या चाळीस जणांत जबड्याच्या रुंदीची सरासरी १६७ आली आणि सरांचा आकडा १७९, म्हणजे फरक १२. नाक आणि वरचा ओठ यांमधल्या जागेची सरासरी २३, सरांची ३२, म्हणजे फरक ९. पन्नास टक्के अतिशयोक्तीत जबडा ६ एककांनी फुगणार आणि नाकाखालची जागा साडेचार एककांनी वाढणार. प्रोग्रॅमच्या दृष्टीने जबडा हे मोठे वैशिष्ट्य होते आणि त्याने त्याला त्याच प्रमाणात मान दिला होता.

पण बारा आणि नऊ यांची अशी थेट तुलना करता येत नाही. जबड्याची रुंदी माणसामाणसांत पुष्कळ बदलते. आमच्या चाळीस जणांत तिचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा फैलाव, १० होता. नाकाखालच्या जागेचा फैलाव अवघा साडेतीन होता. म्हणजे जबड्यातला १२ चा फरक नेहमीच्या फैलावाच्या १.२ पट आहे, आणि तसा जबडा आमच्या स्टाफरूममध्ये आणखी चार-पाच जणांचा होताच. उलट नाकाखालचा ९ चा फरक फैलावाच्या अडीच पटींहून अधिक आहे, आणि तेवढी जागा चाळीसांत दुसऱ्या कोणाचीही नव्हती. चित्रकाराला हे आकडे माहीत नव्हते, पण त्याच्या डोळ्याने हाच भागाकार केला होता. काय मोठे आहे यापेक्षा काय दुर्मीळ आहे, हे तो पाहत होता.

संगणकाच्या अर्कचित्रांतली ही उणीव झेनयाओ मो, जॉन लुइस आणि उलरिश नॉयमन यांनी २००४ मध्ये नेमकी दाखवली होती. सरासरीपासूनचा कच्चा फरक न वाढवता त्याला त्या त्या अवयवाच्या फैलावाने भागून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. तोंडाची रुंदी जितकी बदलते तितकी डोळ्याची बदलत नाही; म्हणून तोंड काही मिलिमीटरने रुंद असणे ही सामान्य गोष्ट असते, डोळा तेवढाच रुंद असणे ही लक्षात राहणारी गोष्ट असते.

जबड्याबाबत आणखी एक गंमत निघाली, आणि ती शोधून काढायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. मी बाहुल्यांमधले अंतर सगळ्यांसाठी १०० धरले होते. सरांचे डोळे मुळातच जवळ आहेत. डोळे जवळ असलेल्या माणसाच्या बाहुल्या ताणून शंभरावर आणल्या की त्यांच्याबरोबर बाकीचा सगळा चेहराही ताणला जातो. तपासण्यासाठी मी बाहुल्या जुळवणे सोडून दिले आणि सर्व बिंदूंचा मिळून जो आकार होतो तो सारखा धरून चेहरे एकमेकांवर ठेवले. तेव्हा सरांच्या बाहुल्यांमधले अंतर सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी कमी भरले. म्हणजे सरासरी जबडासुद्धा त्यांच्या बाबतीत १६७ ऐवजी १७५ च्या आसपास दिसला असता. १२ पैकी ८ एकके जबड्याची नव्हतीच, ती डोळ्यांची होती. प्रोग्रॅमने डोळ्यांचे जवळ असणे पाहिले होते, पण ते जबड्याच्या नावावर लिहिले होते. नाकाखालच्या जागेचे तसे नव्हते: तेथे या ताणाचा वाटा जेमतेम १ एकक निघाला, उरलेली ८ खरोखर तिचीच होती.

हा दोष चित्रावरून ओळखायचा कसा, तर मोजपट्टी बदलून पाहायची. एकदा बाहुल्या जुळवून आणि एकदा एकूण आकार जुळवून तेच अर्कचित्र काढावे. जे वैशिष्ट्य दोन्ही वेळा टिकते ते चेहऱ्याचे आहे. एका मापात दिसून दुसऱ्यात नाहीसे होते ते मापाचे आहे. सरांचा जबडा असा नाहीसा झाला.

जिथे बिंदूच नाहीत

एवढ्या दुरुस्त्यांनंतर आलेले चित्र चारचौघांत दाखवण्याजोगे झाले, पण शिपाईमामांनी दारातून ओळखावे असे अजून नव्हते. कारण बिंदूंच्या यादीतच होते. त्या ६८ बिंदूंपैकी १७ जबड्याची कड धरतात, १० भुवयांचे, ९ नाकाचे, १२ डोळ्यांचे आणि २० तोंडाचे. भुवयांच्या वर एकही बिंदू नाही. कपाळ नाही, केसांची कड नाही, कान नाहीत, चष्मा नाही, गालावरच्या सुरकुत्या नाहीत. सरांच्या टकलावरून डावीकडून उजवीकडे आणलेली आणि पंख्याखाली दर वेळी उठणारी केसांची बट प्रोग्रॅमच्या जगात अस्तित्वातच नव्हती. ब्रेनन यांच्या १६५ बिंदूंत निदान केसांची कड होती; चाळीस वर्षांनंतर स्वयंचलितपणाच्या सोयीसाठी मी ती गमावून बसलो होतो.

गांधीजींचा नुसता चष्मा काढला तरी देशभर कोणालाही नाव सांगावे लागत नाही, स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह त्यावरच उभे आहे. हा चष्मा कोणत्याही बिंदूंच्या मॉडेलच्या दृष्टीने चेहऱ्याचा भागच नाही. ओळख जिथे साठलेली असते ती जागा आणि प्रोग्रॅमला मोजता येते ती जागा यांत अशी दरी असते, आणि अतिशयोक्ती कितीही वाढवली तरी ती भरून येत नाही, कारण शून्याला कितीही पटीने गुणले तरी शून्यच.

येथे पॅरिसचे एक जुने प्रकरण आठवते. शार्ल फिलिपाँ या संपादकावर राजा लुई-फिलिप याची टवाळी केल्याबद्दल खटला भरला गेला, तेव्हा नोव्हेंबर १८३१ मध्ये त्यांनी भर न्यायालयात चार चित्रे काढून दाखवली. पहिल्यात राजाचा चेहरा आणि चौथ्यात चक्क नासपती. खाली पसरत गेलेले गाल आणि डोक्यावरचा निमुळता केसांचा तुरा एवढ्या दोन गोष्टी त्यांनी टप्प्याटप्प्याने वाढवत नेल्या आणि विचारले की यांतल्या कोणत्या चित्रापासून गुन्हा सुरू होतो. त्यांना सहा महिन्यांची कैद आणि २००० फ्रँक दंड झाला, पण त्यानंतर पॅरिसच्या भिंतीवर कोणी नासपती काढली तरी लोक राजाचे नाव घेऊ लागले. आपल्या विषयापुरते त्यात पाहण्यासारखे असे की चौथ्या चित्रात डोळा, नाक, तोंड यांचे मूळ प्रमाण फारसे उरलेलेच नाही. प्रोग्रॅमने जपले असते ते सगळे फिलिपाँने टाकून दिले, आणि केस व गाल यांचा मिळून होणारा बाहेरचा आकार, जो बिंदूंच्या यादीत धड सापडलाही नसता, तेवढा ठेवला. मात्र चौथे चित्र सुटे, आधीची तीन न पाहता, कोणासमोर ठेवले असते तर त्याने ते फळच म्हटले असते. ती ओळख लोकांना आधीच्या तीन चित्रांनी शिकवली होती. आमच्या ग्रंथपालांच्या बाबतीत असे शिकवून ठेवलेले काही नव्हते, तेव्हा नासपतीपर्यंत जाण्याची मुभाही नव्हती.

किती वाढवायचे

`k` साठी ०.५ हा आकडा मी सहज टाकला होता. १९८७ च्या त्याच प्रयोगांत, रेखाचित्रांपैकी कोणते सर्वांत जास्त त्या माणसासारखे वाटते असे विचारल्यावर मिळालेल्या उत्तरांतून अतिशयोक्तीचे सर्वोत्तम प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास निघाले होते. पुढे फिलिप बेन्सन आणि डेव्हिड पेरेट यांनी १९९१ मध्ये छायाचित्रासारख्या दिसणाऱ्या चेहऱ्यांवर हाच प्रयोग केला, तेव्हा ते प्रमाण पाच टक्क्यांच्याही आत आले. रेखाचित्रात कातडीचा पोत, सावली, रंग हे सगळे गेलेले असते. उरलेल्या थोड्या रेषांवर ओळख पटवण्याचा सगळा भार येतो, म्हणून त्यांना थोडे जादा ओरडावे लागते. छायाचित्रात ती सगळी माहिती जागेवर असते, त्यामुळे तेथे थोडासाही ताण विद्रूपपणा वाटतो. मोबाइलवरच्या चेहरा ताणणाऱ्या फिल्टरांतून आलेली चित्रे अर्कचित्रे न वाटता अपघात झाल्यासारखी का वाटतात, याचे एक कारण हे असावे.

परंतु चित्रकाराने नाकाखालची जागा दुप्पट केली होती, आणि तरीही ते चाललेच. त्याचे कारण त्याने सगळे वाढवले नव्हते. दोन-तीन गोष्टी त्याने पुष्कळ वाढवल्या आणि बाकीच्या सरासरीच्या जवळ सोडून दिल्या, काही तर मुद्दाम साध्या केल्या. प्रोग्रॅम सगळे फरक सारख्या पटीने वाढवत होता, त्यामुळे सरांच्या कानशिलाचा अर्धा एककाचा फरकही वाढत होता आणि डोळ्याला कशाकडे पाहायचे ते कळत नव्हते. शिवाय प्रत्येक बिंदू शेजाऱ्याची पर्वा न करता सरकत असल्याने `k` एकाच्या पुढे नेला की वरचा ओठ खालच्या ओठावर चढू लागे आणि भुवईची रेघ डोळ्याच्या रेघेला छेदत असे. म्हणून मी फैलावाच्या दीडपटीच्या आतले सगळे फरक शून्य केले आणि त्याबाहेरचे मात्र मोठ्या पटीने वाढवले. सरांच्या बाबतीत त्या कसोटीवर तीनच गोष्टी उरल्या: नाकाखालची जागा, जवळचे डोळे आणि थोडी आखूड हनुवटी. हनुवटी चित्रकाराच्याही लक्षात आली नव्हती, ती दाखवल्यावर ते क्षणभर थांबून म्हणाले, "आहे खरी." केसांची बट आणि चष्मा मी शेवटी हाताने काढले.

मधल्या काळात एका तरुण सहकाऱ्याने चित्रे निर्माण करणाऱ्या आजकालच्या एका साधनाला सरांचे छायाचित्र देऊन अर्कचित्र काढून आणले. ते पाहायला सर्वांत देखणे होते: मोठे डोके, लहानसे धड, चकचकीत कातडी, पुढे आलेले दात आणि हातात पुस्तक. दात सरांचे नव्हते. अशी साधने माणसांनी काढलेल्या हजारो अर्कचित्रांवरून अतिशयोक्ती शिकतात, आणि त्या चित्रांचा समूह कसा आहे यावर त्यांची समज अवलंबून असते. या संशोधनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या वेबकॅरिकेचर या संचात ६०४२ अर्कचित्रे आहेत, पण ती केवळ २५२ प्रसिद्ध व्यक्तींची आहेत. अशा साठ्यातून शिकताना अर्कचित्रांची सवय, म्हणजे मोठे डोके, मोठे हसू, फुगवलेले गाल, लवकर आत्मसात होते, आणि समोरच्या माणसात नेमके काय वेगळे आहे हा भाग निसटत राहतो. माझ्या पहिल्या प्रोग्रॅमने सरांना चुकीच्या सरासरीपासून दूर नेले होते; या साधनाने त्यांना अर्कचित्रांच्या सरासरीकडे नेले होते.

शेवटी निवड करताना मी एक साधी परीक्षा घेतली, आणि असे काम करणाऱ्या कोणालाही ती घेता येईल. चित्र दाखवून "हे सर वाटतात का?" असे विचारले की भिडेखातर सगळे हो म्हणतात. म्हणून पाच सहकाऱ्यांची, सारख्या वयाची आणि सगळ्यांना चष्मा असलेली अर्कचित्रे काढली, सर्वांचे केस, कपडे आणि हातातल्या वस्तू कागदाने झाकल्या, आणि पाच नावे शेजारी लिहून जोड्या लावायला सांगितल्या. तयार साधनाच्या चित्रांच्या जोड्या लावताना लोक चाचपडत राहिले. पुस्तक झाकल्यावर सर कोणते आणि लेखापाल कोणते हे सांगता येईना. दुरुस्त केलेल्या प्रोग्रॅमचे सरांचे चित्र नऊपैकी सहा जणांनी बरोबर लावले. बॉलपेनचे चित्र नऊही जणांनी.

मानपत्रावर अर्थात बॉलपेनचेच चित्र गेले, फक्त त्यात हनुवटी थोडी आखूड करून. सरांनी ते डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले, वरच्या ओठावरून बोट फिरवले आणि इतक्या वर्षांत मिशी ठेवायला हवी होती की काय, असे बायकोला विचारले.